शिनोळी परराज्यात, बंगळूर आपल्यात: घरून ऑनलाइन विकणारीला जीएसटी कधी लागतो?

पत्र: मी बेळगावात वडगावला राहते. काही वर्षांपासून घरी बाळंतविडे शिवते: झबली, टोपरी, कुंची, दुपटी. ऑर्डरी व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर येतात, जास्त करून गडहिंग्लज, कोल्हापूर, पुण्याच्या. वर्षाची विक्री आठ-नऊ लाख. आता एका मोठ्या ऑनलाइन मार्केटप्लेसवर दुकान काढायला गेले, तर ते जीएसटी नंबर नाहीतर एनरोलमेंट नंबर मागतात. चाळीस लाखांपर्यंत काही लागत नाही असं सगळे सांगतात. शिवाय मैत्रीण म्हणते की ते टीसीएस कापतात, ते बिलात चढवून गिऱ्हाइकाकडून वसूल करायचं. खरं काय? आणि नंबर घेतला तर माझ्या हातात काय उरतं?

उत्तर:

ताई,

चाळीस लाखांची गोष्ट खोटी नाही, पण तुमच्यापर्यंत ती अर्धीच पोचली आहे. कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही फक्त माल विकणाऱ्याला वर्षाच्या चाळीस लाख उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, हे बरोबर. उरलेला अर्धा भाग असा, की कर लागणारा माल तुम्ही एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकलात तर ही मर्यादा तुमच्या कामाची राहत नाही. उलाढाल नऊ लाख असो की नव्वद हजार, पहिल्याच पार्सलपासून नोंदणी लागते.

हुबळीच्या किंवा दावणगिरीच्या विक्रेत्याला हा नियम फारसा टोचत नाही. त्याचं आसपासचं गिऱ्हाईक कर्नाटकातलंच असतं. आपल्याकडे तसं नाही. शिनोळी बेळगावातून तासाभराच्याही आत येते, पण तो चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. बंगळूर पाचशे किलोमीटर लांब, पण ते आपल्याच राज्यात. बाळंतविडा घेणारी माणसं तर गडहिंग्लज, आजरा, कोल्हापूरलाच जास्त. सोयरीक, भाषा, बाजार सगळं तिकडचं असलं तरी जीएसटीच्या हिशेबात बंगळूर घरचं आणि शिनोळी परकी. कुरियरने पाठवा, गडहिंग्लजच्या गाडीत कंडक्टरजवळ द्या, की जाणाऱ्या पाहुण्याच्या हाती पोचतं करा. माल तिथल्या पत्त्यावर पोचवायचा ठरला असेल तर ती आंतरराज्य विक्रीच.

तुम्ही शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाउज मजुरीवर शिवून देत असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मजुरी ही सेवा असते. मग तुम्ही 'फक्त माल विकणाऱ्या' राहत नाही आणि चाळीसची मर्यादा वीस लाखांवर येते. नऊ लाखांच्या उलाढालीत त्याने आज फरक पडणार नाही.

आता मार्केटप्लेस दोन नंबरांपैकी एक का मागतं ते पाहू. पूर्वी अशा मार्केटप्लेसच्या ॲपवर माल विकायचा म्हटलं की छोट्यातल्या छोट्या विक्रेत्यालाही जीएसटी नोंदणी घ्यावीच लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यात सवलत आली. उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर नोंदणीशिवाय, नुसत्या एनरोलमेंट नंबरवर ॲपवर विकता येतं. हा नंबर gst.gov.in वर मिळतो. पॅन, राज्य आणि धंद्याचा पत्ता द्यायचा, मोबाइल-ईमेलवर आलेला ओटीपी टाकायचा, पॅनची पडताळणी झाली की नंबर येतो. पॅनवर माहेरचं आडनाव आणि बाकी सगळीकडे सासरचं असेल तर गाडी नेमकी इथेच अडते, तेव्हा ते आधी एकसारखं करून घ्या. नंबर हातात येण्यापूर्वी ॲपवर एकही नग विकायचा नाही, अशीही अट आहे.

सवलतीच्या बाकीच्या अटींतल्या दोन तुमच्यासाठी महत्त्वाच्या. ॲपवरची विक्री एकाच राज्यातून हवी. आणि नंबर घेणाऱ्याने कोणतीही आंतरराज्य विक्री करायची नाही. 'कोणतीही' म्हणजे ॲपवरची तेवढीच नव्हे. ॲपवाले त्यांच्या बाजूने काळजी घेतात, तुमचा माल कर्नाटकाबाहेरच्या पिनकोडला विकूच देत नाहीत. पण रात्री कोल्हापूरची कुणी व्हॉट्सॲपवर ऑर्डर देते आणि तुम्ही सकाळी पार्सल सोडता, ते त्यांना कुठून दिसणार? अट मात्र तिथे मोडते. अट मोडली की सवलत गेली, आणि सवलत गेली की नोंदणीशिवाय केलेली ॲपवरची विक्रीही अंगावर येते. आपल्या भागातले विक्रेते बहुतेक इथेच फसतात. एनरोलमेंट नंबर मिळाला म्हणजे सरकारने परवानगी दिली, असं धरून ते पूर्वीसारखीच पार्सलं पाठवत राहतात.

म्हणजे तुमच्यापुढे दोनच सरळ रस्ते आहेत. एक, एनरोलमेंट नंबर घ्यायचा आणि महाराष्ट्र-गोव्याची पार्सलं पूर्ण बंद करायची. दोन, रीतसर जीएसटी नोंदणी करून सगळीकडे विकायचं. तुमचं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक सीमेपलीकडचं असताना पहिला रस्ता धरणं मला पटत नाही. तरी तुमचा प्रश्न हातात काय उरतं हा आहे, तेव्हा आकड्यांनीच बघू.

त्याआधी टीसीएस. मैत्रिणीचं यातलं एकच बरोबर, की ते कापतात. ते बिलात चढवायचं नसतं आणि गिऱ्हाइकाकडून घ्यायचं तर मुळीच नसतं. तुमच्या करपात्र विक्रीच्या अर्धा टक्का रक्कम मार्केटप्लेस तुम्हाला पैसे देताना कापून घेतं आणि तुमच्या जीएसटी नंबरवर सरकारात भरतं. १० जुलै २०२४ पूर्वी हा दर एक टक्का होता, म्हणून जुन्या व्हिडिओंत अजून एक टक्का ऐकायला मिळतो. हा वेगळा कर नव्हे. तुम्हाला जो जीएसटी भरायचाच आहे त्यातला थोडा आधीच जमा होतो, इतकंच. सरकारला त्यातून तुमच्या विक्रीचा माग लागतो, आणि कपातीमागचा खरा हेतू तोच आहे. एनरोलमेंट नंबरवाल्या विक्रेत्याचा टीसीएस कापत नाहीत, त्याची विक्री मार्केटप्लेस आपल्या विवरणपत्रात फक्त कळवतं. व्हॉट्सॲप-इन्स्टाग्रामवर ऑर्डर घेऊन गिऱ्हाइकाकडून तुम्ही थेट यूपीआयने पैसे घेता, त्या विक्रीतही टीसीएसचा प्रश्न येत नाही, कारण मधे पैसे गोळा करणारं कुणी नसतं.

बिल बदलतं ते नोंदणीमुळे. आज तुम्ही नोंदणीशिवाय आहात, म्हणून तुमच्या बिलावर जीएसटीची ओळ नसली पाहिजे आणि गिऱ्हाइकाकडून कराच्या नावाने एक रुपयाही घेता येत नाही. नोंदणी झाली की ते 'टॅक्स इन्व्हॉइस' होतं. त्यावर तुमचा जीएसटी नंबर येतो. तो कर्नाटकाचा असल्याने २९ ने सुरू होईल. गडहिंग्लजच्या कापडवाल्याच्या बिलावरचा २७ ने सुरू होतो. वर्षभर सलग चालणारा, जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा बिल क्रमांक येतो. मालाची मूळ किंमत आणि कर वेगळे दाखवावे लागतात. ॲपवरच्या ऑर्डरचं बिल मार्केटप्लेसच तुमच्या नावाने छापतं, त्याची क्रमांकमालिका वेगळी असते. व्हॉट्सॲपच्या ऑर्डरींची बिलं तुम्ही करायची, तुमच्या मालिकेत. दोन मालिका चालतात, पण दोन्ही विवरणपत्रात यायला हव्यात.

आता एक सेट घ्या. बाळांचे कपडे आणि सुती दुपटी, नगाची किंमत २५०० रुपयांच्या आत असेल तर ५ टक्क्यांत येतात. २२ सप्टेंबर २०२५ पासूनची ही मर्यादा आहे. ॲपवर तुमच्या सेटची किंमत करासह १०५० रुपये ठेवली. बिलावर मूळ किंमत १००० आणि कर ५० दिसेल. सेट बंगळूरला गेला तर हे पन्नास अर्धे-अर्धे होतात: सीजीएसटी २५ आणि एसजीएसटी २५. तोच सेट गडहिंग्लजला गेला तर एकच ओळ, आयजीएसटी ५०. गिऱ्हाइकाला दोन्हीकडे १०५० च द्यायचे आहेत.

गडहिंग्लजच्या सेटचा हिशेब पुढे नेऊ. मार्केटप्लेसचं कमिशन आणि पोचवण्याचा खर्च मिळून १५० रुपये धरा. हा आकडा मी हिशेबापुरता घेतला आहे, तुमचा तुम्ही बसवा. त्यावर १८ टक्के जीएसटी २७, म्हणजे १७७ गेले. टीसीएस १००० वर अर्धा टक्का, म्हणजे ५ रुपये. तो मूळ किमतीवर लागतो, १०५० वर नाही. तुमच्या खात्यात आले ८६८. इथे बऱ्याच जणी घाबरतात, कारण त्यातून अजून ५० कर भरायचाय असं वाटतं. पण कमिशनवर दिलेले २७ तुम्हाला वजा मिळतात. इचलकरंजीहून ४०० चं कापड पक्क्या बिलावर आणलं असेल आणि त्यावर ५ टक्क्यांनी २० कर दिला असेल, तर तेही वजा. पन्नासातून सत्तेचाळीस गेले, उरले ३ रुपये. टीसीएसचे ५ सरकारात तुमच्या नावे आधीच पडून आहेत. त्यातून ३ वळते होतात आणि २ शिल्लक राहतात. एकूण हिशेब: खात्यात ८६८, कापडाला गेले ४२०, उरले ४४८, अधिक शिल्लक २. म्हणजे ४५०.

हाच सेट तुम्ही एनरोलमेंट नंबरवर, १०५० लाच, बंगळूरला विकला असता तर? कर नाही, टीसीएस नाही, पण कमिशनवरचे २७ आणि कापडावरचे २० वजाही मिळत नाहीत. १०५० तून १७७ गेले, ८७३ आले, कापडाचे ४२० वजा केले की ४५३. एका सेटमागे फरक तीन रुपयांचा. त्या तीन रुपयांसाठी अख्खा महाराष्ट्र सोडावा असं मला तरी वाटत नाही.

अर्थात हा हिशेब कापड पक्क्या बिलावर घेतलं तरच असा बसतो. आठवडी बाजारातून किंवा ओळखीच्या दुकानातून बिलाशिवाय कापड आणलं तर ते २० रुपये वजा मिळत नाहीत, आणि स्वस्तात आणलेलं ते कापड महाग पडतं. नोंदणीनंतर कापडवाल्याला पहिल्याच दिवशी तुमचा नंबर द्या. बिलावर तुमचा नंबर नसेल तर ते बिल असून नसल्यासारखं.

नोंदणीचा खरा बोजा करात नाही, कामात आहे. एकदा नंबर घेतला की शेजारणीला विकलेल्या झबल्यावरही कर, फक्त ॲपवरच्या विक्रीवर नाही. विक्रीचं जीएसटीआर-१ आणि कर भरण्याचं जीएसटीआर-३बी, दोन्ही विवरणपत्रं वेळेवर द्यावी लागतात. छोट्यांना ती तिमाही भरायची सोय आहे, ती घ्या. ज्या काळात काहीच विकलं नाही त्याचंही कोरं विवरणपत्र भरावं लागतं. ते चुकलं तर दिवसाला वीस रुपये विलंबशुल्क, विक्री असेल तर दिवसाला पन्नास. यासाठी माणूस ठेवला तर त्याची फी हाच तुमचा मुख्य खर्च. 'कंपोझिशन घ्या, सोपं पडेल' असं कुणी सुचवेल. छोट्या विक्रेत्यांसाठीच्या त्या सोप्या कर योजनेत आंतरराज्य विक्री बसत नाही, तेव्हा तुमच्यासाठी ती बाद.

सीमेवर आणखी एक गोंधळ नेहमीचा: बिलात कोणतं राज्य धरायचं? ॲपवरच्या ऑर्डरीत माल पोचवण्याचा पत्ता बघायचा, पैसे देणाऱ्याचा नाही. कोल्हापूरच्या मामीने वडगावच्या भाचीसाठी सेट मागवला आणि तो वडगावात पोचला, तर कर कर्नाटकाचा, सीजीएसटी-एसजीएसटी. भाचीने मामीला पाठवला तर आयजीएसटी. जून २०२४ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे, त्यामुळे व्हॉट्सॲपच्या ऑर्डरीतही पत्ता दोनदा विचारून घ्या. शिनोळीची बाई स्वतः वडगावात आली, सेट घेतला आणि पिशवीत घालून गेली, तर छोट्या बिलावर तिचा पत्ता लिहायची गरज नाही. पत्ता न लिहिलेल्या बिलाची विक्री तुमच्या ठिकाणची, म्हणजे कर्नाटकातली धरतात. तिथे कौतुकाने 'मु. शिनोळी, महाराष्ट्र' असं लिहिलंत तर तीच विक्री आंतरराज्य होते. नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी पत्ता लिहिल्यासारखंच धरतात. पण कुरियरने पाठवलेल्या पार्सलचं बिल पत्त्याशिवाय करून ते इथलं दाखवायच्या फंदात पडू नका. कुरियरच्या पावतीवर पत्ता असतोच. आणि चुकून एका खात्याऐवजी दुसऱ्यात कर भरला गेला तर बरोबर खात्यात पुन्हा भरावा लागतो आणि आधीचा परत मागावा लागतो. व्याज लागत नाही, पण पैसे अडकून पडतात.

दर महिन्याला टीसीएसकडे मात्र स्वतः बघा, माणूस ठेवला तरी. मार्केटप्लेस आपलं विवरणपत्र, जीएसटीआर-८, पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत भरतं. त्यानंतर पोर्टलवर लॉगिन करून `TDS and TCS Credit Received` हा भाग उघडायचा. तिथे मार्केटप्लेसने दाखवलेली तुमची विक्री, परत आलेला माल आणि कापलेला टीसीएस दिसतो. तुमच्या नोंदीशी ताडून स्वीकारायचं आणि दाखल करायचं. दाखल केलं नाही तर ते पाच-पाच रुपये तुमच्या रोख खात्यात, म्हणजे `Electronic Cash Ledger` मध्ये येतच नाहीत. कापले तर गेले, जमा मात्र दिसत नाहीत, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी हेच विचारते की ते स्वीकारलं का.

आकडा अपेक्षेपेक्षा कमी दिसला तर आधी परत आलेला माल तपासा. टीसीएस महिन्याच्या विक्रीतून परत आलेला माल वजा करून लागतो. महिन्यात चाळीस सेट गेले आणि चार परत आले तर कपात छत्तीस हजारांवर, १८० रुपये. परत आलेल्या मालाची रक्कम बिलातून कमी दाखवणारी क्रेडिट नोटही हिशेबात आली पाहिजे, नाहीतर परत आलेल्या मालावर तुम्ही कर भरून बसाल.

यातली सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे. बँकेत ८६८ आले म्हणून विक्री ८६८ लिहायची. विक्री १०००, कर ५०. कमिशन हा तुमचा खर्च. मार्केटप्लेसने सरकारला १००० कळवले आहेत, तुम्ही ८६८ दाखवलेत, तर फरक संगणक आपोआप काढतो आणि नोटीस येते. म्हणून जीएसटीआर-१ बँकेच्या पासबुकावरून कधीही भरू नका. मार्केटप्लेसच्या विक्रेता-पानावरून त्या महिन्याचा कराचा रिपोर्ट उतरवून घ्या. त्यात बिलवार आणि राज्यवार आकडे असतात. ॲपमार्फत झालेली विक्री जीएसटीआर-१ च्या तक्ता १४ मध्येही वेगळी दाखवायची असते, हे माणसाला आठवणीने सांगा.

आयकराची कपात वेगळी. तीही मार्केटप्लेसच करतं, सध्या ०.१ टक्का. पण तुम्ही व्यक्ती म्हणून विकता, ॲपवरची वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेला असेल तर ती लागत नाही. पॅन दिला नाही तर थेट पाच टक्के कापतात.

नोंदणीला सरकारी फी नाही. पॅन, आधार, फोटो, बँकेचा तपशील आणि जागेचा पुरावा लागतो. हेस्कॉमचं बिल सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र जोडा. मार्केटप्लेस 'आमच्या गोदामात माल ठेवा, लवकर पोचेल' असं म्हणेल, तेव्हा गोदाम कुठे आहे ते विचारा. कर्नाटकात असेल तर ते तुमच्या नोंदणीत जादा जागा म्हणून घालावं लागेल. महाराष्ट्रात असेल तर तिथली, २७ ची, दुसरी नोंदणी लागेल. सुरुवातीला माल घरूनच पाठवा.

शेवटी मागचं. तुम्ही आजवर कोल्हापूर-पुण्याला पाठवलेली पार्सलं आंतरराज्य विक्रीच होती. नोंदणीची जबाबदारी त्यातल्या पहिल्या पार्सललाच आली, आणि ती आल्यापासून इथल्या विक्रीवरही कर लागू होतो, फक्त बाहेरच्या नाही. हे ऐकायला बरं वाटणार नाही, पण आपणहून पुढे होऊन कर आणि व्याज भरणं आणि नोटीस आल्यावर भरणं यात दंडाचा मोठा फरक पडतो. व्याज वर्षाला १८ टक्क्यांनी चालतं. तेव्हा कुरियरच्या पावत्या आणि यूपीआयचे उतारे काढून महिन्यावार, राज्यावार एक तक्ता करा. वर्ष कसं मोजायचं, घेतलेली किंमत करासह धरता येईल का, हे तो तक्ता समोर ठेवूनच सीएला विचारा, आणि नोंदणीचा अर्ज भरण्याआधी विचारा. अर्जात नोंदणीचं कारण निवडायचं असतं आणि जबाबदारी कोणत्या तारखेला आली तेही भरायचं असतं. कारण 'आंतरराज्य विक्री' हेच निवडायचं आहे. तारखेच्या रकान्यात अंदाजाने आजची तारीख टाकू नका. पोर्टल ती बिनबोभाट स्वीकारतं, पण पुढे कधी कुरियरच्या नोंदी निघाल्या तर तीच तारीख तुम्हाला निस्तरावी लागेल. तोवर सीमेपलीकडच्या ऑर्डरी घेऊन ठेवा, पार्सल मात्र नंबर आल्यावरच सोडा.